फाटकावरची इर्मगार्ड

बल्गेरियातल्या आमच्या कामेन ब्रोदच्या बसस्थानकात तिकिटांची खिडकी एकच. तिच्या काचेवर आतून एक कागद चिकटवलेला आहे. फ्रेंचमध्ये, मास्तरणीच्या वळणदार अक्षरात लिहिलेला: 'फोटो अख्खा दाखवा.' गावातल्या लोकांना तो वाचता येत नाही आणि तो त्यांच्यासाठी नाहीच. पाठीवर बोचकी लादून किल्ला बघायला येणारे जे परके लोक आपल्या फोनमध्ये आमच्या गावच्या पाट्या टिपून आणतात आणि काचेवर फोन टेकवून 'हे काय लिहिलंय?' असं खुणेनं विचारतात, त्यांच्यासाठी तो आहे.

कागद लिहिणारी दोन्का पेत्रुनोवा. चौतीस वर्षं तिने इथल्या शाळेत फ्रेंच शिकवलं. मग गावातली तरुण माणसं जर्मनीला, स्पेनला, मिळेल तिथे निघून गेली, पोरं त्यांच्यामागून गेली, आणि शाळेने सगळ्यात आधी फ्रेंचवर कुऱ्हाड घातली. घरात बसून भिंती बघायचा तिचा स्वभाव नाही. नवरा वारलेला. तिने बसस्थानकातली नोकरी धरली. तिकिटं फाडायची, गाड्यांच्या वेळा सांगायच्या, आणि अधूनमधून पाट्या वाचायच्या. पाट्यांचा पगार नाही. पण गावात इतकी वर्षं वाचणारी बाई म्हणून काढल्यावर कुणी अक्षरं पुढे धरली तर मान फिरवता येत नाही, एवढंच.

पाट्या तरी कसल्या! 'मंगळवारपर्यंत पाणी बंद.' 'औषधांसाठी मागच्या दाराने या.' 'पायऱ्या मोडक्या आहेत, पडलात तर आमच्याकडे येऊ नका.' आता हे फोनच वाचतात म्हणे. फोटोवर बोट ठेवलं की आमच्या अक्षरांच्या जागी त्यांच्या भाषेतले शब्द उमटतात. दोन्काला त्याचा राग नाही. छापील, सपाट आणि चांगल्या उजेडातलं असलं तर फोन बरं वाचतो, हे ती मोकळेपणी मान्य करते. मात्र हाताने लिहिलेलं आलं की तो अडखळतो. काचेवर चमक पडली की तेवढ्या ओळी गाळतो, आणि गाळल्या हे सांगत नाही. वर्गातल्या आळशी मुलांसारखंच. शिवाय पाटी कुठे लावली होती, किती उंचीवर, तिच्या शेजारी काय होतं, हे त्याला ठाऊक नसतं. दोन्का ते आधी विचारते. दुकानाच्या दारावरचा कागद आणि झाडाला ठोकलेला कागद, मजकूर एकच असला तरी, एकच गोष्ट सांगत नाहीत.

आणि तिचा एक नियम आहे. लिहिलंय ते सगळं वाचायचं, गोड करून नाही. दिसत नाही तिथे 'दिसत नाही' म्हणायचं, अंदाज करायचा नाही.

हा नियम तिला एका बेल्जियन म्हाताऱ्याने शिकवला, त्याला बिचाऱ्याला शिकवायचं नव्हतं तरी. वीस वर्षं होत आली. तो सत्तरीचा गडी सायकलवरून आला होता, अल्जीरियात एकत्र नोकरी केलेल्या आपल्या दोस्ताला भेटायला. दोस्ताच्या दारावर कागद होता. त्याने कॅमेऱ्यात फोटो काढला आणि कुणीतरी त्याला शाळेत दोन्काकडे पाठवलं. काडेपेटीएवढ्या पडद्यावर तिने तो कागद ओळखला. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि चार ओळी छापून कागद दारावर लावतात, झाडांवर, बसच्या थांब्यावरही लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दर वर्षी. शोकपत्रक. आम्ही त्यांच्यामधूनच भाजी आणायला जातो. पण त्या भर उन्हात, घामाने निथळणाऱ्या, हातात वाइनची बाटली धरलेल्या म्हाताऱ्याला ते सांगायचं तिच्याच्याने होईना. ती म्हणाली, तुमचे मित्र आजारी आहेत, सोफियाला इस्पितळात नेलंय. तिला वाटलं, तिथे जाईल, कुणी घरचं भेटेल, ते नीट बसवून सांगतील.

तो तीन दिवस सोफियातली इस्पितळं हिंडला. चौथ्या दिवशी परत आला. तोवर त्याला कळलं होतं. तो ओरडला नाही. शाळेच्या दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "तुम्हाला वाचता येत नाही का, मादाम?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या तपासनिसाने तिला असं काही म्हटलं नव्हतं.

तर, मार्चमधला शनिवार. सकाळचे दहा वाजायला आले होते. सोफियाची गाडी दहा चाळीसला, त्यानंतरची थेट संध्याकाळी. खिडकीशी एक बाई आली. साठीच्या आतली, उंच, आखूड पांढरे केस, चांगल्या कापडाचा राखाडी कोट, बूट चिखलाने माखलेले. रांग नव्हती तरी ती रांगेत असल्यासारखी पांढऱ्या रेषेमागे थांबली. काचेवरचा कागद वाचला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला.

"तुम्हाला फ्रेंच येतं," ती म्हणाली.

दोन्का म्हणाली, येतं, गाडी दहा चाळीसला आहे.

बाईने तिकीट घेतलं, पण हलली नाही. तिने आपलं नाव सांगितलं: उलरिके. जर्मन, पण लग्न करून फ्रान्सला, ल्याँला गेली, आता तिथलीच. तिला बल्गेरियन भाषेत एक चिठ्ठी लिहून हवी होती. मोठ्या अक्षरांत, एका फाटकाला चिकटवण्यासाठी. मजकूर तिने तयार ठेवला होता: 'माझ्या आईचं चित्र ताबडतोब काढा. तुम्हाला परवानगी नाही. नाही काढलंत तर वकिलाकडे जाईन.'

बोलताना तिचा आवाज चढला नाही, पण हातातलं तिकीट चुरगळत होतं.

दोन्काने विचारलं, कुठलं चित्र? उलरिकेने फोन काचेवर टेकवला. पडद्यावर एका म्हातारीचा चेहरा. चष्मा, कानात मोत्याच्या कुड्या, हसावं की नाही अशा बेतात थांबलेले ओठ. चेहऱ्याखाली फोनने उमटवलेले फ्रेंच शब्द, काही सरळ, काही तिरके, एकमेकांवर चढलेले. 'स्मरण. एक वर्ष. इर्मगार्ड.' मग मोकळी जागा. मग नुसता खिचडा, आणि तळाशी 'आमंत्रण' असं काहीतरी.

दोन्काने तो चेहरा ओळखला. सगळ्या गावाने ओळखला असता. मालिना इलियेवाच्या फाटकावर गेले वर्षभर ही परकी म्हातारी लटकत होती, आणि गावाने त्यावर हवं तेवढं तोंडसुख घेतलं होतं. मालिना सात वर्षं जर्मनीत कुठल्याशा खेड्यात एका म्हातारीला सांभाळत होती. रात्रंदिवस तिच्याच घरी राहून. म्हातारी गेली, मालिना परत आली, आणि चाळिसाव्या दिवशी तिच्या फाटकावर स्वतःच्या आईच्या कागदाशेजारी हा कागद लागला. बायका म्हणाल्या, आता कुत्र्यामांजरांचेही लावील. पाद्री म्हणाला, ती आपल्या धर्मपंथाची नाही, देवळात मी तिचं नाव घेणार नाही. मालिना म्हणाली, नका घेऊ.

दोन्काने हे काहीच सांगितलं नाही. जे लिहिलंय ते आधी, गावगप्पा नंतर.

"चिठ्ठी लिहीन," ती म्हणाली. "पण आधी हे वाचते. उत्तर देण्याआधी पत्र वाचायचं असतं."

उलरिके म्हणाली, मला कळलंय तेवढं पुरे आहे. माझ्या आईचा फोटो एका अनोळखी रस्त्यावर वर्षभर टांगलाय, पावसात, येणारेजाणारे बघतायत. मला न विचारता. आईला न विचारता. माझी आई फोटो काढायचा म्हटलं की आतल्या खोलीत जायची, मादाम. आणि वर लोकांना आमंत्रण. कशाचं आमंत्रण? तिच्या नावाने काय गोळा करतेय ती?

दोन्का बाईमाणसाला उभं ठेवून बोलत नाही. तिने आतलं दार उघडलं आणि उलरिकेला खिडकीमागच्या खोलीत आपल्याजवळ बसवलं. तिथे एक विजेची शेगडी होती आणि दुसरी खुर्ची होती. मग तिने आपले नेहमीचे प्रश्न विचारले. कागद कुठे होता? फाटकावर, डाव्या अंगाला. उंचीवर? डोळ्यांच्या रेषेत. शेजारी काय होतं? अजून एक असाच कागद, दुसऱ्या कुठल्या म्हातारीचा, आणि दोन्ही कागदांवर एक काळी फीत.

"दोघींना एकच फीत?"

"हो. का?"

"काही नाही. पुढे सांगा. घरात कुणी नव्हतं?"

कुणी नव्हतं. तिने घंटा वाजवली, हाका मारल्या, शेजारणीने खिडकीतून हात वर करून डोंगराकडे काहीतरी दाखवलं, आणि ती निघून आली.

एवढं झाल्यावर ती थांबली, आणि मग जे बोलायचं नव्हतं ते बोलली. आली होती ती भांडायला नाही. एक प्रश्न विचारायला आली होती. गेल्या मार्चात आई पहाटे गेली. उलरिके दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. दमलेली, रात्रभर गाडी चालवून आलेली. बोळात मालिना उभी होती. उलरिकेने तिला विचारलं, तू कुठे होतीस? तू झोपली होतीस ना? आई एकटी गेली, खरं की नाही? मालिनाने तोंड उघडलं नाही. मातीला उभी राहिली, संध्याकाळी बॅग भरली आणि गेली. त्यानंतर फोन उचलला नाही, पत्राला उत्तर नाही.

"गप्प बसली म्हणजे तसंच झालं असणार," उलरिके म्हणाली. "मी वर्षभर हेच धरून बसलेय. आई अंधारात एकटी होती. मला फक्त तिच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि इथे येऊन बघते तर हे."

दोन्काने फोन हातात घेतला. "याचे शब्द पुसा," ती म्हणाली. "मला कागद दाखवा, यंत्राचं मत नको."

उलरिकेने फ्रेंच शब्द घालवले. खालून आमची अक्षरं वर आली. फोटो उलरिकेने दोनदा काढला होता. पहिला नुसत्या चेहऱ्याचा, दुसरा कागद अख्खा, चारी कडांसकट. दुसरा कामाचा. कागद पावसाने भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला होता आणि त्या पिशवीवर, बरोबर मधोमध, सकाळच्या उन्हाचा पांढरा पट्टा पडला होता. दोन्काने चष्मा पुसला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि वरून वाचायला सुरुवात केली. फ्रेंचमध्ये, सावकाश, एकेक ओळीवर बोट ठेवत.

"'स्मरण. एक वर्ष झालं, आमच्यात नाहीत, इर्मगार्ड.' मग आडनाव. मग जन्माचं साल, मृत्यूचं साल. मग दोन ओळी आहेत. त्या दिसत नाहीत."

"काय असेल त्यांत?"

इथे दोन्काची जीभ सुटता सुटता राहिली. त्या दोन ओळींत काय असतं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. समोरच्या छपाईच्या दुकानात मजकुरांची वही आहे, आकडे घातलेली. लोक शोकात असतात, त्यांना सुचत नाही, ते आकडा सांगतात. अर्धं गाव चार नंबर घेतं: 'तुमचा आवाज थांबला, आमच्या मनातला थांबणार नाही.' दोन्काने स्वतःच्या नवऱ्यासाठी चार नंबरच घेतला होता, आणि घरी येऊन तिला त्याची लाजही वाटली होती. तो इथे सांगून टाकला असता तर काय बिघडलं असतं? बाईला बरं वाटलं असतं. गाडी चाळीसला होती आणि घड्याळात दहा वाजून सात मिनिटं झाली होती.

"मला दिसत नाही, म्हणून मी सांगणार नाही," ती म्हणाली, आणि टेबलावरचा स्थानकाचा फोन उचलून तिने समोरच्या दुकानात लावला.

दुकान मेतोदीचं. पत्रिका, बिलं, शोकपत्रकं, किल्ल्याच्या चित्रांचे चहाचे पेले. मेतोदी दोन्काचा विद्यार्थी. फ्रेंचमध्ये दोनदा नापास झाला होता आणि पंचेचाळिशी गाठली तरी तिच्याशी बोलताना उठून उभा राहतो. तिने त्याला सांगितलं, मालिनाचा वर्षश्राद्धाचा कागद संगणकात असेल तर छापून घेऊन ये, लगेच. तो म्हणाला, बाई, गिऱ्हाईक आहे. ती म्हणाली, गिऱ्हाइकाला सांग मी बोलावलंय.

चौक ओलांडून तो तीन मिनिटांत आला. कागद अजून ऊन होता. उलरिकेला बघून त्याने आधी तिच्याकडे, मग कागदावरच्या चेहऱ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि टोपी काढली. नाकाची ठेवण तीच होती.

"ही तिची...?"

"मुलगी. मधल्या ओळी चार नंबरच्या आहेत का?"

"नाही हो, बाई. मी तिला म्हटलं, मालिना, चार घे, चार सगळ्यांना चालतो. तर म्हणाली, तुझे आकडे तुझ्याजवळ ठेव. स्वतः लिहून आणलं होतं तिने. चाळीस दिवसांच्या वेळी पण हेच, सहा महिन्यांच्या वेळी पण हेच. एक अक्षर बदललं नाही."

दोन्काने कागद घेतला. मधल्या दोन ओळी आधी मनात वाचल्या. मग एकदा उलरिकेकडे पाहिलं, आणि शाळेत श्रुतलेखन घालताना वाचायची तशा, न घाईने, न थांबता, वाचल्या.

"'पहाटे गेलात, आपल्याच पलंगावर. दिवा लावलेला होता आणि तुमचा हात माझ्या हातात होता.'"

शेगडीची तार तडतडत होती. मेतोदी दारात उभा राहून टोपी फिरवत होता. त्याला फ्रेंच येत नसलं तरी आपल्या दुकानात छापलेलं काय आहे ते त्याला ठाऊक होतं.

"पुन्हा," उलरिके म्हणाली.

दोन्काने पुन्हा वाचलं. उलरिकेने कागद मागून घेतला आणि कुठल्या शब्दाचा अर्थ 'हात' ते विचारलं. दोन्काने दाखवलं. ओळीत तो दोनदा होता.

"मग तिने मला बोळात का नाही सांगितलं?"

ते कागदावर लिहिलेलं नव्हतं. सात वर्षं आईचं अंग पुसणाऱ्या बाईला कुणी बोळात उभं करून 'तू झोपली होतीस ना' विचारलं तर तिने काय उत्तर द्यावं, हे उलरिकेने स्वतःच शोधायला हवं होतं. बहुधा ती शोधतही होती, कारण तिने कोटाचं वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं.

"अजून संपलं नाही," दोन्का म्हणाली. "तळाशी हाताने लिहिलंय. ते छापलेल्यात नाही, ते तुमच्या फोटोतच बघावं लागेल."

"ती जागा मी कोरी सोडलेली," मेतोदी म्हणाला. "कुणाकडून ते लिहितो ना आपण खाली, ती. मी म्हटलं, 'मालिनाकडून' असं छापू? तर म्हणाली, मी परकी, माझ्या एकटीच्या नावाने कशी लावू? तिला काय कुणी नव्हतं का, असं म्हणतील लोक. मी म्हटलं, मग मुलीचं नाव घाल. तर म्हणाली, तिला विचारलेलं नाही, छापायचं धाडस होत नाही. घरी जाऊन पेनाने लिहीन. म्हणजे," त्याने टोपीकडे बघत म्हटलं, "पुसता येईल."

दोन्काने हे शब्दाला शब्द उलरिकेला सांगितलं. मग फोन घेतला, चित्राचा तळ मोठा केला. निळ्या शाईतलं अक्षर, पिशवीत ओल शिरून कडेला पसरलेलं. फोनने ज्याचा खिचडा केला होता तेच. तिरकं, एकमेकांत गुंतलेलं, पण शाळेत गिरवलेलं. आमच्या गावच्या कुणालाही वाचता आलं असतं. दोन्काला जरा जास्तच. वर्ग वेगळा असला तरी ही लेखणी त्याच शाळेतली होती.

नियम करणं सोपं असतं. समोरची बाई थोड्या वेळापूर्वी वकिलाची भाषा बोलत होती. जिला कुणी विचारलं नव्हतं तिचं नाव वर्षभर फाटकावर होतं, आणि ते तिला आता ऐकवायचं होतं. ते ऐकून ती जाऊन कागद फाडू शकत होती. तो तिचा हक्कही होता.

"'तुमची मुलगी उलरिके हिच्याकडून,'" दोन्काने वाचलं. "'आणि मालिनाकडून.'"

"कुठे?"

दोन्काने नख टेकवलं. उलरिकेने फोन डोळ्यांजवळ नेला. त्या सहा अक्षरांत तिला आपलं नाव दिसेना. तिने ती एकेक करून विचारली, आणि दोन्काने एकेक सांगितली. उ. ल. र. सगळी जुळल्यावर तिने त्यांवरून बोट फिरवलं आणि ती उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक होतं. ती ते बराच वेळ वाचत राहिली.

मेतोदी हळूच म्हणाला, "बाई, मी जाऊ?"

"थांब."

उलरिके वळली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज पुन्हा ताठ होता. "मला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "माझं नाव माझं आहे."

"खरं आहे," दोन्का म्हणाली.

"फोटोसाठीही विचारायला हवं होतं."

"तेही खरं आहे. चिठ्ठी लिहू?"

उलरिके खुर्चीवर बसली. मग म्हणाली, शेवटच्या ओळीत काहीतरी आमंत्रण आहे, ते वाचायचं राहिलं.

ती ओळही हातानेच लिहिलेली होती. 'आमंत्रण. शनिवारी अकरा वाजता, वरच्या दफनभूमीत, माझ्या आईच्या थडग्यापाशी गहू वाटला जाईल.' दोन्काने वाचली, शनिवार म्हणजे आजच असं म्हणाली, आणि तिला समजावून सांगितलं, की हे काही गोळा करायचं आमंत्रण नाही, द्यायचं आहे. उकडलेला गहू, साखर आणि अक्रोड घालून. पाव, थोडी वाइन. गेलेल्याच्या नावाने येईल त्याला द्यायचं. देऊळ मिळालं नाही म्हणून ती आपल्या आईच्या थडग्याशी बसते. चाळिसाव्याला बसली होती, सहा महिन्यांनाही बसली होती.

"कुणी येतं?"

दोन्काने मेतोदीकडे पाहून प्रश्न आमच्या भाषेत केला.

"चाळिसाव्याला मी गेलो होतो," मेतोदी म्हणाला. "आणि शेजारीण. सहा महिन्यांना पाऊस होता."

दोन्का स्वतः गेली नव्हती. दोन्ही वेळा खिडकी सोडता येत नाही असं तिने स्वतःला सांगितलं होतं. तिने मेतोदीचं उत्तर फ्रेंचमध्ये सांगितलं आणि मग स्वतःहून, कुणी न विचारता, तिसरं वाक्य जोडलं, "मी गेले नव्हते."

घड्याळात दहा तेवीस झाले होते. बाहेर सोफियाची गाडी फलाटाला लागली, चालक उतरून सिगारेट पेटवत होता. दफनभूमी चढावर, पायी वीस-पंचवीस मिनिटं. दोन्काने गाडीची आणि गव्हाची, दोन्ही वेळा उलरिकेला सांगितल्या, सल्ला दिला नाही. सल्ला देणाऱ्यांचा तिला लहानपणापासून तिटकारा आहे.

उलरिकेने चुरगळलेलं तिकीट टेबलावर सपाट केलं, हाताने इस्त्री केल्यासारखं. मग ते दोन्काकडे सरकवलं आणि विचारलं, गहू हातात घेतल्यावर काय म्हणायचं असतं?

"'बोग दा प्रोस्ती.' देव तिला क्षमा करो."

"माझ्या आईला?"

"ज्यांच्या नावाने दिलंय त्यांना. सगळ्यांना म्हणतात. तुमच्या आईने काही केलंय म्हणून नाही."

उलरिकेने ते तीन शब्द तिकिटाच्या पाठीवर आपल्या अक्षरांत लिहून घेतले. लिहिताना दोनदा विचारलं. मग म्हणाली, "तुम्ही चला माझ्याबरोबर. तिकडे मला वाचून कोण दाखवणार?"

"मालिना सात वर्षं तुमच्या आईशी जर्मन बोलली. माझ्याहून बरं बोलते. मला जर्मनचं अक्षर येत नाही," दोन्का म्हणाली. "तिथे माझं काम नाही. मेतोदी तुम्हाला गाडीने वर सोडील."

मेतोदी म्हणाला, गिऱ्हाईक ताटकळलंय. दोन्काने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने खिशातून किल्ली काढली.

दहा चाळीसची गाडी एक जागा रिकामी घेऊन सुटली. दोन्काने नोंद केली, शेगडी बंद केली. मेतोदी साडेअकराला एकटाच परत आला आणि खिडकीशी येऊन थांबला. तो वर पोचला तेव्हा मालिना थडग्यापाशी गुडघ्यांवर बसून मेणबत्ती लावत होती, वाऱ्याने ती विझत होती. तिने आवाज ऐकून वर पाहिलं आणि ती उठलीच नाही. तशीच बसून राहिली, काडी बोटापर्यंत जळेतो. जर्मन बाईने तिच्याजवळचा कागदी द्रोण स्वतःच उचलला, पुढे धरला.

"आणि म्हणाली?"

"म्हणाली. उच्चार वाईट होता, बाई."

"तुझ्याहून वाईट?"

"माझ्याहून बरा," मेतोदी म्हणाला. पण हसला नाही, आणि त्याने खिडकीच्या फळीवर रुमालात गुंडाळलेला द्रोण ठेवला. मालिनाने बाईंसाठी पाठवला होता. दोन्काने तो आत घेतला. गव्हाचे दाणे अजून कोमट होते. तिने उभ्यानेच पहिला घास घेतला आणि म्हणायचं ते म्हटलं, इर्मगार्डचं नाव घेऊन, मोठ्याने, फलाटावरच्या दोघीतिघींना ऐकू जाईल असं.

रविवारी दुपारच्या गाडीला उलरिके आली. बरोबर मालिना होती, काळ्या रुमालात, हातात भोपळ्याच्या पुरणाच्या भाकरीची पिशवी. दोघी खिडकीसमोरच्या बाकावर बसल्या. उलरिकेने तिकीट घेतलं, काचेला हात टेकवून दोन्काला नमस्कार केला, आणि परत जाऊन बाकावर बसली. मग त्या बोलू लागल्या. जर्मनमध्ये, आधी हळू, मग मोठ्याने. एकदा मालिनाने कपाळावर हात मारला. एकदा उलरिके उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. मध्येच मालिना बराच वेळ एकटीच बोलत होती, बोटं मोजत, आणि उलरिके खाली बघून ऐकत होती. भांडत होत्या की त्या पहाटेचं सगळं सांगणं-ऐकणं चाललं होतं, कळायला मार्ग नव्हता. दोन्काला त्यातला एक शब्द समजला नाही, आणि ती खिडकीत बसून दुसऱ्या गाडीची तिकिटं फाडत राहिली.